मधुमेहात मुंग्या पायाच्या बोटांपासूनच का सुरू होतात?

उंबरठा

आईला बारा-तेरा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गेल्या वर्षी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आता तळवे बधीर झालेत आणि बधिरपणा घोट्यापर्यंत आलाय. रात्री तळव्यांची आग होते म्हणून ती पांघरुणाबाहेर पाय काढून झोपते, आणि त्याच तळव्याला दिवसा खडा टोचला तरी तिला कळत नाही. हे दोन्ही एकाच जागी कसं होतं, हेही मला उमगलेलं नाही.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मधुमेहात सगळ्यात लांब नसा आधी जातात." बाहेर रांग होती, पुढे विचारायला वेळ मिळाला नाही. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे. रक्तातली साखर तर सगळ्या शरीरात सारखीच फिरते. चेहऱ्याच्या, खांद्याच्या, मांडीच्या नसांनाही तीच साखर मिळते. मग लांबीचा संबंध कुठे येतो? गेल्या दोन महिन्यांपासून आईच्या हाताच्या बोटांनाही मुंग्या येताहेत, त्यामुळे हे समजून घ्यायची घाई आहे. ज्यांना यातलं खरंच माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

दिनकर_स

मला स्वतःला वीस वर्षं साखर आहे, म्हणून लिहितो. पाय हृदयापासून सगळ्यात लांब. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचता पोचता कमी होतं, तसंच रक्ताचं. मधुमेहात रक्तवाहिन्या अरुंद होतात, पायाच्या बोटांना रक्त कमी पडतं, म्हणून नसा सुकतात. रोज चाला, पायांना तेल लावून चोळा, रक्ताभिसरण सुधारलं की मुंग्या कमी होतात. माझ्या तरी झाल्या.

सई_क

मला मधुमेह नाही, तरी पाय दुमडून बराच वेळ बसलं की मुंग्या येतात आणि पाय उचलवत नाही. ही त्याचीच सुरुवात समजायची का? वाचून घाबरले.

चेता_लॅब

सई, घाबरू नकोस. पाय दुमडल्यावर एका जागी नसेवर आणि तिला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब येतो, तेवढ्यापुरता संदेश अडतो, दाब काढला की काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. बहुतेक वेळा एकाच पायाला होतं. उंबरठा विचारतात तो प्रकार वेगळा आहे. तो दोन्ही पायांना सारखा होतो, कुठलाही दाब नसताना होतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू वर चढतो.

मी नसांच्या तपासण्या करते, ज्याला सगळे एनसीएस म्हणतात. मधुमेहाचे पाय रोज बघते, म्हणून जरा लांबण लावते.

दिनकरकाका, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नसेच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांच्या भिंती मधुमेहात जाड होतात आणि नसेला प्राणवायू कमी पडतो, हे खरंच आहे. पण "हृदयापासून लांब" हे कारण म्हणून टिकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या पावलावरची नाडी ठणठणीत लागते, पावलं ऊबदार असतात, आणि तरी बोटं पूर्ण बधीर असतात. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुंबल्या तर त्याची खूण वेगळी असते. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, पाऊल गार पडतं. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, म्हणून डॉक्टर दोन्ही तपासतात, पण एकामुळे दुसरा होतो असं नाही.

अंतर महत्त्वाचं आहेच, फक्त ते हृदयापासूनचं नाही. हातापायांतला स्पर्श, ऊन-थंड, वेदना जाणवून देणाऱ्या प्रत्येक तंतूची एक मूळ पेशी असते आणि ती मणक्याच्या अगदी शेजारी, दोन मणक्यांमधल्या फटीजवळ एका छोट्या गाठीत बसलेली असते. ही पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तिचा तंतू मात्र मीटरभर किंवा त्याहून लांब. त्या पेशीचा ९९ टक्क्यांहून जास्त ऐवज या तंतूत असतो. आणि तंतूच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं टोकाला तयार होत नाहीत. ती कंबरेजवळच्या त्या इवल्याशा पेशीत तयार होतात आणि तिथून तंतूच्या आतून वाहून न्यावी लागतात.

हा प्रवास दोन वेगांनी चालतो. काही माल जलद जातो, दिवसाला साधारण २० ते ४० सेंटिमीटर. म्हणजे अंगठ्यापर्यंत तीन ते पाच दिवस. पण तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनलेला असतो ती फार सावकाश सरकतात. त्यातली सगळ्यात मंद दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मीटरभर अंतराला हजार दिवस धरा. आज कंबरेजवळ तयार झालेलं प्रथिन जवळपास तीन वर्षांनी अंगठ्याशी पोचणार! चेहऱ्याच्या नसेत हेच अंतर काही सेंटिमीटरांचं असतं.

आता साखरेकडे येऊ. ती खरोखरच सगळीकडे सारखी असते आणि सगळ्याच तंतूंना थोडा थोडा त्रास देते. स्नायूच्या पेशी साखर आत किती घ्यायची हे इन्सुलिनच्या इशाऱ्यावर ठरवतात. चेतापेशींमध्ये असा अडसर जवळपास नसतो, रक्तात वाढली की आतही वाढते. मग जास्तीची साखर सॉर्बिटॉल तयार होण्यासारख्या आडवाटेला लागते, प्रथिनांना चिकटते, आणि ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया थकतात. मालवाहतुकीला लागणारं इंधन याच मायटोकॉन्ड्रियांकडून मिळतं. समजा, प्रत्येक सेंटिमीटरला वाहतूक अगदी किंचित मंदावली. दहा सेंटिमीटरच्या तंतूला ते जाणवतही नाही. शंभर सेंटिमीटरच्या तंतूत ती घट साठत जाते आणि टोकाला पुरवठा एका मर्यादेखाली जातो. तिथून तंतू टोकाकडून मुळाकडे मागे सरत मरत येतो. मूळ पेशी त्या वेळी बहुधा जिवंतच असते.

उंबरठा

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण ताई, एक शंका. आग आणि बधिरपणा एकाच वेळी कसा?

चेता_लॅब

मेलेले तंतू काहीच कळवत नाहीत, म्हणून बधिरपणा. जे मरणपंथाला लागलेत किंवा ज्यांची टोकं तुटून परत फुटायचा प्रयत्न करताहेत ते काही कारण नसताना आपोआप संदेश पाठवत राहतात. मेंदूला ते "तळव्याला आग लागली" असंच ऐकू येतं. खड्याची खबर देणारे गेलेत आणि उरलेले खोट्या खबरा देताहेत. रात्री बाकीचे संदेश कमी असतात, म्हणून त्याच ठळक होतात.

यात अजून एक गुंता आहे. वेदना आणि तापमान सांगणारे तंतू अतिशय बारीक, बिनवेष्टनाचे किंवा पातळ वेष्टनाचे असतात. कंपन आणि सांध्याची स्थिती सांगणारे जाड वेष्टनाचे. पुष्कळदा बारीक तंतू आधी बिघडतात. एनसीएसमध्ये आम्ही फक्त जाड तंतू मोजतो, त्यामुळे सुरुवातीला माणूस आगीने तळमळत असतो आणि आमचा रिपोर्ट नॉर्मल येतो. अशा वेळी रुग्णाला "तुम्हाला काही नाही" असं सांगून परत पाठवलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बारीक तंतू बघायचे तर घोट्याच्या वर दहा सेंटिमीटरवरून कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातली तंतूंची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात.

तन्मय_गणिती

पुरवठ्याची कल्पना पटण्यासारखी आहे, पण तिच्याशिवायही लांब नसा आधी जातील, हे कुणी लक्षात घेतलंय का? नुसत्या शक्यतेने.

समजा, मधुमेह नसेवर कुठेही, कसाही, ठिकठिकाणी घाव घालतो. वाहतूकबिहतूक काही नाही. उदाहरणापुरतं धरू की दर दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात तंतू तुटण्याची शक्यता ५ टक्के आहे. तीस सेंटिमीटरच्या तंतूत तीन तुकडे, तो अखंड राहण्याची शक्यता ०.९५ चा घन, म्हणजे साधारण ८६ टक्के. शंभर सेंटिमीटरच्या तंतूत दहा तुकडे, अखंड राहण्याची शक्यता साधारण ६० टक्के. तंतू कुठेही तुटला तरी त्याचं टोक गेलंच. म्हणजे आखूड नसेत १४ टक्के तंतू गेले तेव्हा लांब नसेत ४० टक्के गेलेले असतील. टोक मुळात नाजूक असायची गरजच नाही.

चेता_लॅब

तन्मय, हा विचार १९७० च्या दशकात मांडला गेलाय आणि अजून मोडीत निघालेला नाही. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. मधुमेही व्यक्तींच्या पायांच्या नसा मृत्यूनंतर वरपासून खालपर्यंत तपासल्या गेल्या तेव्हा मांडीच्या पातळीवरच तंतूंचे ठिगळासारखे विरळ पट्टे दिसले, आणि खाली जावं तसं नुकसान वाढत गेलेलं होतं. बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्या तर अगदी असंच दिसेल. दिनकरकाकांच्या मुद्द्यातला खरा भाग इथे बसतो.

पण कातडीचे तुकडे वेगळं सांगतात. सुरुवातीच्या टप्प्यात, अगदी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांतही, कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातली टोकं विरळ झालेली असतात आणि मागची मुख्य नस मात्र धड असते. नस वर मध्येच तुटली असती तर तिच्यातही तुटलेले तंतू दिसायला हवे होते. टोकच आधी कमजोर होतं, हे यावरून दिसतं. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी घडतात. बारीक तंतूंत आणि सुरुवातीला पुरवठ्याचा भाग मोठा, जाड तंतूंत आणि पुढच्या टप्प्यात घावांचा. सगळे तज्ज्ञ यावर एकमताचे नाहीत.

पुरवठ्याच्या बाजूने गेल्या काही वर्षांत एक विलक्षण गोष्ट कळली आहे. तंतू उपासमारीने आपोआप सुकतो असं पूर्वी समजायचे. तसं नाही. तंतूत स्वतःलाच मोडून टाकणारं एक प्रथिन असतं, सार्म१. ते एरवी निजलेलं असतं. त्याला निजवून ठेवणारं एन्झाइम, एनएमनॅट२, फार अल्पायुषी असतं, काही तासांत त्याचा साठा निम्म्यावर येतो. ते मूळ पेशीतच तयार होतं आणि सतत वाहून आणावं लागतं. पुरवठा रोडावला की सगळ्यात आधी टोकाला ते कमी पडतं, सार्म१ जागं होतं आणि तंतू तुकडे तुकडे होऊन विरघळतो. उंदरांमध्ये सार्म१ काढून टाकलं तर मधुमेहातही तंतू बऱ्याच अंशी टिकतात. माणसातल्या मधुमेहात याचा वाटा किती, हे अजून ठरायचंय.

फॅमिलीडॉक

चर्चा उत्तम चालली आहे. मी दवाखान्यातला माणूस, म्हणून या लांबीच्या नियमाचा व्यवहारातला उपयोग सांगतो. आजार खरोखर लांबीवर चालत असेल तर त्याचा क्रमही ठरलेला असणार, आणि तो तसा असतो. आधी पायाची बोटं, मग तळवा, घोटा, पोटरी. बधिरपणा पोटरीच्या वर गुडघ्याकडे पोचला की त्याच सुमारास हाताच्या बोटांची टोकं सुरू होतात, कारण मानेपासून बोटापर्यंतची लांबी तेव्हा गाठली जाते. फार पुढे गेलेल्या आजारात छाती-पोटाच्या पुढच्या मध्यरेषेवर बधीर पट्टा सापडतो, पाठ मात्र ठीक असते. बरगड्यांच्या नसा पाठीतून निघून वळसा घेत पुढे येतात, त्यांची टोकं मध्यरेषेवर असतात. पोटावरचा हा पट्टा हृदयाच्या अंतराने समजावताच येत नाही, लांबीने लगेच समजतो. उंच माणसांना हा त्रास जास्त होतो, हेही बऱ्याच पाहण्यांत दिसलंय.

आता उंबरठा, तुमच्या आईचं. बधिरपणा घोट्यापर्यंतच आहे म्हणता आणि हाताला मुंग्या सुरू झाल्यात. हे क्रमात बसत नाही. नीट विचारा: कुठल्या बोटांना? करंगळीला आहेत का? रात्री जास्त होतात का? हात झटकल्यावर बरं वाटतं का? आणि मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे?

उंबरठा

आत्ताच विचारलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. करंगळीला अजिबात नाही. उजव्या हाताला जास्त. पहाटे जाग येते, हात झटकला की कमी होतं. मेटफॉर्मिन सुरुवातीपासून आहे.

फॅमिलीडॉक

मग हाताचा त्रास बहुधा मनगटात दबलेल्या नसेचा आहे. कार्पल टनेल म्हणतात त्याला, आणि मधुमेहात तो नेहमीपेक्षा जास्त आढळतो. लांबीने हात गेला असता तर करंगळी सुटली नसती. तिची नसही तेवढीच लांब आहे.

मेटफॉर्मिन लांबकाळ घेतलं की ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ब१२ कमी पडलं तरी पायांना मुंग्या येतात आणि हातही लवकर धरतो. म्हणून ब१२ बघाच. हा दोष भरून काढता येतो, तो मधुमेहाच्या नावावर खपून जायला नको.

तन्मय_गणिती

मी टेप घेऊन स्वतःला मोजलं. कंबरेच्या खालच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्याच्या टोकापर्यंत ११५ सेंटिमीटर भरलं. मानेच्या तळापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ८५. फरक ३०. अंगठ्याच्या टोकापासून तीस सेंटिमीटर मागे आलो तर मी पोटरीच्या खालच्या भागात पोचतो, गुडघ्यापर्यंत नाही. मग हात आधीच सुरू व्हायला हवा.

फॅमिलीडॉक

मोजमाप चांगलं केलंत. प्रत्यक्षात हात सुरू होतो तो पोटरीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत कुठेही. घोट्याशी असताना सहसा नाही. नस टेपसारखी कातडीवरून सरळ जात नाही, आणि बोटांच्या टोकांत तंतू इतके दाट असतात की काही गेले तरी लगेच कळत नाही. सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

भरत_मो

माझा अनुभव उलटा आहे. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साडेअकरा होतं, पायांना काहीच त्रास नव्हता. इन्सुलिन सुरू केलं, पथ्य कडक पाळलं, तीन महिन्यांत सातवर आलं. सगळे खूश. आणि त्याच सुमारास दोन्ही पायांची अशी आग सुरू झाली की चादरीचा स्पर्श सहन होईना. साखर सुधारल्यावर नसा बिघडतात, मग साखरेने नसा जातात हे खरं कसं? मी इन्सुलिन बंद करायच्या विचारात आहे.

चेता_लॅब

भरत, कृपा करून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. तुमच्यासारखं वर्णन १९३३ सालचं आहे, इन्सुलिन नवं होतं तेव्हाचं. खूप दिवस चढलेली साखर फार झपाट्याने उतरली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांहून जास्त खाली आलं, तर काहींना असा तीव्र दाह सुरू होतो. उतार जितका मोठा तितका धोका जास्त. तुमचा उतार साडेचारचा आहे. यात बारीक तंतू दुखावतात. नेमकं का, यावर वेगवेगळी मतं आहेत. नसेतल्या रक्तप्रवाहात बदल होतो असं काही म्हणतात, उपाशी तंतूला इंधनात अचानक झालेली घट झेपत नाही असं काही. पुष्कळांचा त्रास साखर स्थिर ठेवली की महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात कमी होतो. डोळ्यांच्या पडद्याचीही तपासणी करून घ्या, अशा उतारात तिथलाही आजार कधी वाढतो. आणि तुमच्या डॉक्टरांना हे उताराचे आकडे तारखांसह दाखवा.

साखरेने नसा जातात, याला मात्र धक्का लागत नाही. टाइप १ मधल्या लोकांवरचा डीसीसीटी हा मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साखर काटेकोर ठेवलेल्या गटात नसांचा आजार साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला.

दिनकर_स

मग टाइप २ मध्येही तेवढाच फायदा होत असेल ना? मी तर साखर दहा वर्षं आटोक्यात ठेवली आहे, तरी बधिरपणा सरकतोच आहे. तेलाने मुंग्या कमी झाल्या, हे मात्र खरं.

चेता_लॅब

काका, टाइप २ मध्ये फायदा होतो, पण बराच कमी. तिथे साखरेच्या जोडीला रक्तातली चरबी, वजन, रक्तदाब, इन्सुलिनला दाद न देणारे तंतू असं बरंच काही असतं. इन्सुलिन चेतापेशींना जगवणारा पदार्थही आहे. साखर औषधांनी उतरली तरी तंतूच इन्सुलिन ऐकत नसतील तर पोषणाची ती वाट बंदच राहते. तुमची साखर चांगली असूनही आजार सरकतोय त्यात तुमची कसूर नाही.

आणि एक विचारते, रागावू नका. मुंग्या कमी झाल्या तेव्हा स्पर्श परत आला का? की नुसत्या मुंग्या गेल्या? डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी पायाच्या बोटांना अगदी हलकं बोट टेकवायला सांगा.

दिनकर_स

सुनेला सांगून करून पाहिलं. उजव्या पायाच्या तीन बोटांचं कळलंच नाही, डाव्या पायाच्या दोन. मी समजत होतो बरं होतंय.

फॅमिलीडॉक

दिनकरराव, मुंग्या थांबणं दोन्ही अर्थांनी होतं. कधी नस सुधारते म्हणून, कधी खबर देणारा तंतूच उरत नाही म्हणून. दवाखान्यात नायलॉनच्या तंतूने तपासून घ्या. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढा दाब कळला नाही तर पायाची संरक्षक जाणीव गेली असं आम्ही धरतो. ती खूण उशिराची आहे, म्हणून त्याबरोबर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन कळतं का आणि टाचेच्या वरच्या जाड कंडरेवर हातोडी मारल्यावर पाऊल उडतं का, हेही बघतात. तोवर अनवाणी चालू नका, गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी बघा, आणि रोज रात्री तळवे आरशात किंवा सुनेकडून पाहून घ्या. तेल लावायला हरकत नाही, फक्त बोटांच्या बेचक्यात नको.

उंबरठा

आईचे रिपोर्ट आले. पायातल्या स्युरल नसेचा संदेश दोन्हीकडे खूप बारीक आलाय. हातात करंगळीची नस नॉर्मल, आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसेचा संदेश दोन्ही मनगटांत अडखळतोय, उजवीकडे जास्त. ब१२ ही कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. म्हणजे एकाच माणसात तीन गोष्टी. रात्री मनगटाला पट्टा बांधायला सांगितलाय. पायांच्या आगीसाठी ड्युलॉक्सेटिन दिलंय. त्याने नसा परत वाढतील का?

चेता_लॅब

ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबॅलिन खोट्या खबरांचा आवाज कमी करतात, तंतू वाढवत नाहीत. आग कमी झाली तरी पायाची काळजी तेवढीच घ्यायची. ब१२ मुळे गेलेला वाटा काही प्रमाणात परत येऊ शकतो, त्याला महिने लागतात. मनगटाची नस दाब सुटला की चांगली सुधारते, कारण तिथे बिघाड एका जागी आहे. पायाचं अवघड. अपघातात तुटलेली निरोगी नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मधुमेही नस त्याहून हळू वाढते, आणि ज्या वातावरणात ती मेली ते वातावरण तसंच राहिलं तर वाढून परत मरते. आहे तिथे थांबवणं हे आईच्या बाबतीत मोठं यश असेल.

तन्मय_गणिती

एक प्रश्न राहतोच. पावलाचे स्नायू हलवणाऱ्या नसाही तेवढ्याच लांब आहेत. मग बधिरपणा आधी आणि अशक्तपणा कितीतरी उशिरा का? शिवाय स्पर्शाच्या त्या पेशीचा दुसरा फाटा मणक्यातून वर मेंदूच्या तळापर्यंत जातो असं वाचलं. त्याची लांबी कुणी मोजत नाही.

चेता_लॅब

पहिल्याचं एक संभाव्य उत्तर जागेत आहे. स्पर्शाच्या पेशी ज्या गाठीत बसतात तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, रक्तातलं बरंच काही थेट पेशीपर्यंत पोचतं. स्नायू हलवणाऱ्या तंतूंच्या मूळ पेशी मज्जारज्जूच्या आत, पक्क्या अडथळ्यामागे असतात. शिवाय स्नायू हलवणारा एक तंतू गेला तर शेजारचा त्याचे स्नायू सांभाळून घेतो, त्यामुळे नुकसान झालं तरी बराच काळ लपून राहतं. माझ्या यंत्रावर पावलाच्या छोट्या स्नायूंचे संदेश अशक्तपणा जाणवण्याच्या कितीतरी आधी खाली आलेले दिसतात.

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एमआरआयमध्ये अशा रुग्णांचा मज्जारज्जू मानेपाशी किंचित बारीक झालेला दिसला आहे. वरचा फाटाही झिजतो, असं त्यावरून वाटतं. तो टोकाकडून झिजतो की मूळ पेशी थकल्यामुळे दोन्ही फाटे एकदम, हे कुणी नीट दाखवलेलं माझ्या वाचनात नाही. तुम्हाला काही सापडलं तर इथेच लिहा.

दिनकर_स

मंगळवारी तपासणीला जातोय. नायलॉनचा तंतू आणि तो फोर्क, दोन्ही करा म्हणून सांगेन. ब१२ पण बघतो, मेटफॉर्मिन मलाही अठरा वर्षं आहे.